टाटा एआयए की टाटा एआयजी? विमा कंपनीचा रजिस्ट्रेशन नंबर कसा तपासायचा आणि लाइफ की जनरल हे कसं ओळखायचं

टाटा एआयए आणि टाटा एआयजी या दोन वेगळ्या कंपन्या आहेत. एक आयुर्विमा विकते, दुसरी गाडी, आजारपण, दुकान, प्रवास असला सगळा जनरल इन्शुरन्स विकते, आणि नावात फरक फक्त शेवटच्या अक्षराचा. एचडीएफसी लाइफ आणि एचडीएफसी अर्गो, आयसीआयसीआय प्रुडेन्शियल आणि आयसीआयसीआय लोम्बार्ड, एसबीआय लाइफ आणि एसबीआय जनरल, सगळीकडे हीच गंमत. घराणं एक पण कंपन्या दोन, कारण आपल्याकडे एकाच कंपनीला लाइफ आणि जनरल असे दोन्ही धंदे करता येत नाहीत. दोन्ही करायचे असतील तर वेगळी कंपनी काढा, वेगळं भांडवल घाला (किमान 100 कोटी प्रत्येकी) आणि वेगळं रजिस्ट्रेशन घ्या. दोन्ही एकत्र करू देणाऱ्या कंपोझिट लायसन्सची चर्चा मधूनमधून होते, तो विषय आत्ता बाजूला ठेवू.

आता लोक काय करतात तर मोठ्या बँकेचं किंवा उद्योगसमूहाचं नाव बघून सही करतात आणि कागद फाइलमध्ये टाकतात. नाव खरं असतं, कंपनीही खरी असते, पण आपण जे घेतलंय असं वाटतं ते आपण घेतलेलंच नसतं. म्हणून कागद हातात आला की दोन गोष्टी बघायच्या. ही कंपनी आयआरडीएआयकडे नोंदलेली आहे का, आणि असेल तर कुठल्या यादीत आहे, लाइफच्या की जनरलच्या. पहिल्या प्रश्नाकडे थोडे तरी लोक बघतात, दुसऱ्याकडे कोणी म्हणजे कोणीच बघत नाही, आणि माझ्या मते घरातल्या लोकांना खरा फटका दुसऱ्यामुळेच जास्त बसतो.

आयआरडीएआय म्हणजे विमा क्षेत्राचं नियामक प्राधिकरण, ऑफिस हैदराबादला, 1999 च्या कायद्याने आलेलं. विमा कायदा मात्र जुना, 1938 चा, आणि त्याच्या कलम 3 मध्ये सरळ लिहिलंय की रजिस्ट्रेशनचं प्रमाणपत्र असल्याशिवाय भारतात विम्याचा धंदा करता येणार नाही. हे प्रमाणपत्र मिळालं की कंपनीला एक नंबर मिळतो. हा नंबर पॉलिसीवर, जाहिरातीत, वेबसाइटच्या तळाशी, सगळीकडे छापलेला असतो, फक्त अक्षर इतकं बारीक की चष्मा लावूनही डोळे ताणावे लागतात. एलआयसीचा 512, एचडीएफसी लाइफचा 101, एसबीआय लाइफचा 111, टाटा एआयएचा 110. जनरलमध्ये न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सचा 190, टाटा एआयजीचा 108, आयसीआयसीआय लोम्बार्डचा 115, एसबीआय जनरलचा 144. लक्षात आलं असेल की 108 जनरल आणि 110 लाइफ, म्हणजे नुसता आकडा बघून लाइफ की जनरल हे कळत नाही, नंबर यादीत शोधावाच लागतो.

यादी irdai.gov.in वर आहे, फुकट, लॉगिन बिगिन काही नाही. तिथे लाइफ कंपन्यांची वेगळी, जनरलवाल्यांची वेगळी, फक्त आरोग्य विमा विकणाऱ्यांची (स्टार हेल्थ, निवा बुपा, केअर वगैरे) वेगळी आणि विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या रीइन्शुरन्सवाल्यांची वेगळी. एक सवय मात्र लावून घ्या, पत्ता ब्राउजरमध्ये स्वतः टाइप करायचा, एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या लिंकवरून जायचं नाही. खोटा कागद बनवणारा खोटी साइटही बनवू शकतो, त्यात विशेष काही राहिलेलं नाही. आणि शेवट gov.in असाच आहे ना ते बघायचं, मधे कुठेतरी irdai लिहिलंय म्हणून ती सरकारी साइट होत नाही.

साइटवर गेलात की आधी नंबर नाही, आधी नाव जुळवा, तेही पूर्ण नाव. कागदावर मोठ्या अक्षरात जे दिसतं ते बऱ्याचदा प्लॅनचं किंवा विकणाऱ्याचं नाव असतं. कंपनीचं नाव शेवटी ‘इन्शुरन्स कंपनी लिमिटेड’ किंवा ‘अ‍ॅश्युरन्स कंपनी लिमिटेड’ असं काहीतरी असतं, आणि ते खाली कुठेतरी पत्त्याच्या ओळीत लपलेलं असतं. मग नंबर जुळवा. खऱ्या कंपनीचा नंबर उचलून स्वतःच्या कागदावर छापणं अवघड नाही, त्यामुळे नाव आणि नंबर ही जोडी जुळली पाहिजे, एकटा नंबर सापडला म्हणून उड्या मारू नका.

नाव सापडलं नाही म्हणून लगेच घाबरायचंही नाही बरं का, कारण या धंद्यात नावं सारखी बदलतात. मॅक्स बुपाची निवा बुपा झाली, रेलिगेअर हेल्थची केअर झाली, मॅक्स लाइफची अ‍ॅक्सिस मॅक्स लाइफ झाली, एक्साइड लाइफ 2022 मध्ये एचडीएफसी लाइफमध्ये विलीन झाली, भारती अ‍ॅक्साचा जनरलचा धंदा 2021 मध्ये आयसीआयसीआय लोम्बार्डकडे गेला. सहारा इंडिया लाइफच्या पॉलिसी तर 2023 मध्ये आयआरडीएआयनेच एसबीआय लाइफकडे सोपवल्या. त्यामुळे आईच्या कपाटातली दहा वर्षं जुनी पॉलिसी आजच्या यादीत त्याच नावाने नसेल तर तिला खोटी ठरवण्याआधी कंपनीचं पुढे काय झालं ते शोधा. नवीन विकल्या जाणाऱ्या पॉलिसीला मात्र ही सवलत नाही, आज पैसे घेणारी कंपनी आजच्या यादीत असलीच पाहिजे.

आणखी एक अपवाद. पोस्टाचा विमा, म्हणजे पीएलआय आणि ग्रामीण भागातला आरपीएलआय, आयआरडीएआयच्या यादीत सापडणार नाही, तरी तो शंभर टक्के खरा आहे. तो टपाल खातं स्वतः चालवतं, पीएलआय तर 1884 पासून चालू आहे, आणि विमा कायद्याने त्याला वगळलेलं आहे. कोणी पोस्टमास्तरांशी भांडायला जाऊ नका.

आता कागदावरचा दुसरा नंबर, जो मला स्वतःला जास्त आवडतो, कारण तो लाइफ की जनरल हे बऱ्याचदा तिथल्या तिथे सांगून टाकतो. त्याला युआयएन म्हणतात. कंपनीचा एक नंबर असतो तसा प्रत्येक प्लॅनचाही एक नंबर असतो, आणि तो पॉलिसीवर आणि माहितीपत्रकावर छापावाच लागतो. लाइफ कंपनीचा युआयएन कंपनीच्या रजिस्ट्रेशन नंबरानेच सुरू होतो. उदाहरणार्थ एलआयसीच्या न्यू जीवन आनंदचा एक युआयएन असा आहे:

```
512N279V02
```

512 म्हणजे एलआयसी. N म्हणजे शेअर बाजाराशी न जोडलेला प्लॅन, बाजाराशी जोडलेला म्हणजे युलिप असेल तर तिथे L येतं, आणि मुख्य पॉलिसीला जोडलेला रायडर असेल तर बहुतेक B. 279 हा त्या प्लॅनचा क्रमांक आणि V02 म्हणजे दुसरी आवृत्ती. इतकं वाचता आलं की खूप झालं. एजंट म्हणतो ‘मॅडम ही गॅरंटीवाली एफडीसारखी स्कीम आहे’ आणि युआयएनमध्ये तीन आकड्यांनंतर L दिसतंय, तर पैसे बाजारात जाणार आहेत आणि समोरचा माणूस थापा मारतोय, एवढं त्या एका अक्षरावरून कळतं.

जनरलवाल्यांचं दिसायला वेगळं असतं. गाडीच्या वगैरे पॉलिसीचा युआयएन बहुतेक IRDAN ने सुरू होतो आणि पुढे कंपनीचा नंबर, म्हणजे IRDAN115 दिसलं की आयसीआयसीआय लोम्बार्ड, IRDAN190 दिसलं की न्यू इंडिया. आरोग्य विम्यात कंपनीच्या नावाची तीन अक्षरं आणि पुढे HLIP किंवा HLGP असतं, SHAHLIP म्हणजे स्टार हेल्थची वैयक्तिक पॉलिसी. HLGP असेल तर ग्रुप पॉलिसी, म्हणजे मूळ पॉलिसी बँकेच्या किंवा कंपनीच्या नावावर आणि तुम्ही त्यात एक सभासद. हा ग्रुपचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण हे लाइफ की जनरल करत बसायचं कशाला, पैसे मिळाल्याशी मतलब, असं वाटू शकतं. तर त्याचं सगळ्यात सोपं उत्तर तुमच्या पासबुकात आहे. मे-जूनच्या पानावर बऱ्याच जणांच्या खात्यातून 436 रुपये आणि 20 रुपये अशा दोन रकमा कापलेल्या दिसतील. 436 वाली प्रधानमंत्री जीवनज्योती, 20 वाली प्रधानमंत्री सुरक्षा. दोन्हीत दोन लाखांचं कव्हर, दोन्हीचं वर्ष 1 जून ते 31 मे, मग हप्त्यात एवढा फरक का? कारण जीवनज्योती लाइफ कंपनीमार्फत असते आणि माणूस कशानेही गेला तरी वारसाला पैसे मिळतात (नवीन नाव घातलं असेल तर पहिले 30 दिवस फक्त अपघाती मृत्यू धरला जातो). सुरक्षा ही जनरल कंपनीमार्फत, म्हणजे अपघात झाला तरच. हार्ट अटॅकने, कॅन्सरने, म्हातारपणाने गेला तर 20 रुपयेवाल्यातून काही मिळत नाही. गावाकडे ‘बँकेत विमा आहे’ एवढंच माहीत असतं, आणि खात्यातून जर फक्त 20 कापले जात असतील तर तो विमा लोकांना वाटतो तो नसतो.

हाच घोळ मोठ्या रकमेला कसा होतो ते सांगतो. माझ्या चुलतभावाने 28 लाखांचं गृहकर्ज काढलं, कुठल्या बँकेकडून ते राहू दे. कर्जाच्या कागदांबरोबर एका विम्यावरही सह्या घेतल्या, हप्ता एकरकमी आणि तोही कर्जातच मिळवलेला, म्हणजे विम्याच्या हप्त्यावरही वीस वर्षं व्याज. पुढे एकदा सहज बोलताना तो म्हणाला, ‘दादा, लोनचं टेन्शन नाही, माझं काही झालं तर विमा आहे, बँकवाला म्हणाला सगळं माफ होतं.’ मी म्हटलं कागद पाठव.

कागदाचं शीर्षक होतं सर्टिफिकेट ऑफ इन्शुरन्स, वरती बँकेचं नाव मास्टर पॉलिसीधारक म्हणून, खाली भावाचं नाव सभासद म्हणून. म्हणजे ग्रुप. विमा कंपनीचं नाव चौथ्या पानावर, तळाला, त्यातच रजिस्ट्रेशन नंबर. तो घेऊन आधी लाइफच्या यादीत बघितलं, नाही. जनरलच्या यादीत बघितलं, आहे, नाव आणि नंबर दोन्ही तंतोतंत. म्हणजे कंपनी अस्सल, कोणी फसवणूक केलेली नाही. पण जनरलच्या यादीत सापडली म्हटल्यावर मी लगेच कव्हरचं पान उघडलं, कारण जनरल कंपनी साधा आयुर्विमा देऊच शकत नाही. ‘माणूस कशानेही गेला तरी कर्ज फिटेल’ हे वाक्य त्या कागदावर असणं शक्यच नव्हतं.

आणि तसंच निघालं. अपघाती मृत्यू, अपघाताने आलेलं कायमचं अपंगत्व, आणि यादीतले काही गंभीर आजार, एवढंच. भाऊ म्हणाला अरे पण हार्ट अटॅक आहे की यादीत. आहे, पण गंभीर आजाराच्या कव्हरमध्ये सहसा एक अट असते, सर्व्हायव्हल पिरियड म्हणतात तिला. आजाराचं निदान झाल्यावर माणूस ठरावीक दिवस जगला पाहिजे, त्याच्या कागदावर 30 दिवस होते, तरच पैसे. म्हणजे अटॅक येऊन तो महिन्याभराने जिवंत असेल तर क्लेम, त्याच रात्री गेला तर ना तो अपघात ना तो गंभीर आजाराचा क्लेम, आणि वहिनीच्या डोक्यावर कर्ज जसंच्या तसं. शिवाय कव्हरची मुदत पाच वर्षं आणि कर्ज वीस वर्षांचं. उरलेल्या पंधरा वर्षांबद्दल बँकवाल्याने काहीच सांगितलं नव्हतं आणि भावाने विचारलंही नव्हतं.

यात बेकायदेशीर काही नाही हे लक्षात घ्या, कागदावर सगळं लिहिलेलं होतं. गंभीर आजाराचं कव्हर असणं वाईटही नाही. फक्त कर्ज फेडण्यासाठी जो आयुर्विमा लागतो तो हा नव्हता. त्याने मग लाइफच्या यादीतल्या कंपनीचा साधा टर्म प्लॅन वेगळा घेतला, आणि युआयएनमधले पहिले तीन आकडे रजिस्ट्रेशन नंबराशी जुळतात का हे या वेळी स्वतः बघितलं. पहिल्याच महिन्यात हे कळलं असतं तर फ्री लूकमध्ये ती पॉलिसी परतही करता आली असती. पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवस मिळतात त्यासाठी. म्हणून ही तपासणी कागद आला की त्याच आठवड्यात करायची, सावकाश बघू म्हटलं की संपलं.

उलट बाजूचाही गोंधळ असतो. लाइफ कंपनीच्या ‘हेल्थ’ प्लॅनला लोक मेडिक्लेम समजतात. हॉस्पिटलचं प्रत्यक्ष बिल भरून देणारी मेडिक्लेम जनरल किंवा आरोग्य विमा कंपनीकडे मिळते. लाइफ कंपनी जो आरोग्याचा प्लॅन विकते त्यात रक्कम आधी ठरलेली असते, दिवसाला इतके, अमुक आजाराला इतके. बिल चार लाख झालं तरी ठरलेली रक्कम मिळणार. त्यामुळे आरोग्याच्या पॉलिसीचा युआयएन तीन आकड्यांनी सुरू होताना दिसला की थांबून विचारा, हे बिल भरणार आहेत की ठरावीक रक्कम देणार आहेत.

आता खरंच बोगस असलेल्या मंडळींकडे येऊ. ती जास्त करून गाडीच्या विम्यात सापडतात, कारण तिथे लोकांना पोलिसाला दाखवायला कागद हवा असतो आणि स्वस्त मिळाला की कोणी खोलात जात नाही. 2020 मध्ये आयआरडीएआयने डिजिटल नॅशनल मोटर इन्शुरन्स या नावाबद्दल जाहीर सूचना काढली होती की यांना विमा विकण्याची कसलीही नोंदणी दिलेली नाही. नाव बघा कसं निवडलंय, सरकारी नॅशनल इन्शुरन्सची आठवण यावी असं, आणि संपर्काचा ईमेल जीमेलचा. नोंदणीकृत विमा कंपनी जीमेलवरून पॉलिसी पाठवत नाही. गाडीची पॉलिसी घेतल्यावर काही दिवसांनी परिवहनच्या साइटवर किंवा एमपरिवहन अ‍ॅपमध्ये गाडीचा नंबर टाकून विम्याची मुदत अपडेट झालीय का बघा, पॉलिसीवरचा क्यूआर कोडही स्कॅन करून बघा तो कुठल्या साइटवर नेतो. नोंद दिसायला थोडा वेळ लागू शकतो, पण बरेच दिवस काहीच दिसत नसेल तर थेट विमा कंपनीला पॉलिसी नंबर सांगून विचारा, फोन नंबर मात्र कागदावरचा नाही, कंपनीच्या साइटवरचा घ्यायचा.

इथे एक गोष्ट लोक नेहमी गफलत करतात ती म्हणजे एजंट, ब्रोकर, बँक, अ‍ॅप यांनाही आयआरडीएआयचा नंबर असतो, पण तो विकण्याचा परवाना, विमा देण्याचा नाही. ‘आमच्याकडे आयआरडीएआय रजिस्ट्रेशन आहे’ हे ब्रोकरचं म्हणणं खरं असू शकतं, तरी क्लेम तो देणार नाहीये, देणारी कंपनी वेगळी. आणि सीआयएन म्हणजे कंपनी म्हणून नोंदल्याचा नंबर दाखवून ‘सरकारकडे रजिस्टर आहोत’ म्हणणारे तर बरेच. सीआयएन प्रत्येक लिमिटेड कंपनीला मिळतो, मग ती लोणची विको नाहीतर स्क्रू. त्याचा विम्याच्या परवान्याशी काही संबंध नाही.

फोनवर ‘आयआरडीएआयमधून बोलतोय, तुमचा बोनस अडकलाय, एक नवीन पॉलिसी घेतली की सुटेल’ असं कोणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. आयआरडीएआय पॉलिसी विकत नाही, बोनस जाहीर करत नाही, हे पॉलिसीच्या कागदावर आणि जाहिरातींच्या खाली छापलेलंच असतं, आणि असे फोन आले तर पोलिसांत तक्रार करा असंही तिथेच लिहिलेलं असतं.

तक्रार कुठे करायची हेही कंपनी यादीत आहे की नाही यावरच ठरतं. यादीतल्या कंपनीबद्दल असेल तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी, मग आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा 155255 वर फोन, आणि तरी नाही सुटलं तर विमा लोकपाल, त्यांची ऑफिसं मुंबई आणि पुण्यात आहेत आणि तिथे फी लागत नाही. कंपनीच यादीत नसेल तर लोकपाल काही करू शकत नाहीत, कारण त्यांचा आदेश नोंदणीकृत विमा कंपनीवर चालतो, कोणाच्या तरी जीमेलवर नाही. तिथे पोलीस स्टेशन, आणि पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, कारण समोरच्याच्या खात्यातून रक्कम पुढे सरकायच्या आत ती अडवता आली तरच परत मिळण्याची शक्यता राहते.